मजुरी कमी, दंड दुप्पट : बामा यांना लिहिलेलं पत्र

(विद्यार्थ्यांच्या एका वाचनगटात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी एम.ए. इंग्रजीला असताना मी तमिळ लेखिका बामा यांना एक पत्र लिहिलं. पत्रावर सही माझी आहे, पण मजकूर आमच्या अख्ख्या वर्गाचा आहे. त्या पत्राविषयी बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर आहेत. आपल्यासाठी लेखक म्हणजे प्रश्नपत्रिकेतलं एक नाव असतं, आणि ते नाव बहुतेक वेळा वारलेल्या माणसाचं असतं. लेखक जिवंत आहे, तमिळनाडूत राहतो, आणि त्याला पत्र पाठवता येतं, हे माझ्या डोक्यात तेविसाव्या वर्षापर्यंत कधी आलंच नव्हतं.

पुस्तकाचं नाव ‘संगती’. मूळ तमिळ पुस्तक 1994 सालचं. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2005 साली ऑक्सफर्डने काढला, आणि तोच आम्हाला नेमलेला होता. वर्गात अठ्ठावीस जण, ग्रंथालयात प्रती दोन. एक प्रत सरांकडे, दुसरी झेरॉक्सच्या दुकानात. आम्ही सगळ्यांनी झेरॉक्स वाचली, आणि हे पत्रातही लिहिलं आहे. लेखिकेला तिचं पुस्तक आवडलं म्हणून सांगायचं आणि ते विकत घेतलं नाही हे लपवायचं, हे काही बरं दिसत नव्हतं.

नावापासूनच गंमत झाली. मराठीत संगती म्हणजे सोबत, किंवा एकाला एक जुळणं. ‘संगतीने बिघडला’ म्हणतो ती संगत. आम्हाला वाटलं, बायकांच्या सोबतीची गोष्ट असेल. सरांनी सांगितलं की तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ बातमी, घडलेली हकिकत. आपल्याकडे बाया पाणवठ्यावर ‘ऐकलं का गं’ म्हणून सुरुवात करतात, तसं. कादंबरी म्हणावी तर तिला एक नायिका नाही, एक कथानक नाही. सांगणारी एक मुलगी आहे, तिची आजी आहे, आणि परैयर वस्तीतल्या बायकांच्या एकामागून एक हकिकती आहेत. ही आजी वस्तीतल्या बायकांची बाळंतपणं करते. माझी आजीही करायची, तेव्हा पुस्तकात शिरायला मला वेळ लागला नाही. अडचण पुढे आली.

आता पत्राचा पहिला खर्डा. तो मी एका रात्रीत लिहिला आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. त्यात असं होतं की आपल्या कादंबरीने आमच्या वर्गाला अंतर्मुख केलं, दलित स्त्रीच्या तिहेरी शोषणाचं दाहक वास्तव आमच्यासमोर उभं राहिलं, आपल्या लेखणीला सलाम. वर्गातल्या एका मुलीला वाचायला दिला. तिने पहिलं पान वाचून विचारलं, “हे गाईडमधून उतरवलंस का?” मी चिडलो. ती म्हणाली, “तिहेरी शोषण हे बामांना तू सांगणार? त्यांनीच तर लिहिलंय. त्यांना एकच गोष्ट माहीत नाही, ती म्हणजे आपल्या वर्गात काय झालं. ती तू यात लिहिलीच नाहीस.”

मी ती लिहिली नव्हती, कारण वर्गात जे झालं त्यात मी वाईट दिसत होतो.

झालं असं. पुस्तकात मरियम्मा नावाच्या मुलीची हकिकत आहे. ती रानात सरपण गोळा करायला जाते. तहान लागते म्हणून पंपाच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबते. शेताचा मालक, वरच्या जातीचा जमीनदार, तिला धरून खोपटात ओढू पाहतो. ती कशीबशी सुटून पळते. ती काही बोलायच्या आत जमीनदारच वस्तीच्या पुढाऱ्याकडे जातो आणि सांगतो की ही पोरगी माणिक्कम नावाच्या वस्तीतल्याच पोरासोबत माझ्या रानात नको ते करत होती. संध्याकाळी पंचायत बसते. पंच वस्तीतलेच, आपलेच. मरियम्मा खरं सांगते. बाया कुजबुजतात की पोरगी खरं बोलतेय, त्यांना पुरुष गप्प बसवतात. तिचा बापच तिला माफी माग म्हणून मारतो. शेवटी निकाल लागतो, माणिक्कमला शंभर रुपये दंड आणि मरियम्माला दोनशे.

सरांनी हा भाग वाचून दाखवला आणि विचारलं, पंचायतीविषयी काय वाटतं? मी हात वर केला. मी म्हणालो, पंचांना दोष देणं सोपं आहे. गावातली रोजगाराची सगळी शेतं त्या जमीनदारांची. पंचांनी मरियम्माची बाजू घेतली असती तर उद्या वस्तीत कुणाच्या घरी चूल पेटली असती? खरा गुन्हेगार जमीनदार आहे, आणि लेखिका त्याच्यावर दोन पानं खर्च करते आणि आपल्या माणसांवर दहा. पुढे मी असंही म्हणालो की हे वरच्या जातीच्या वाचकांना आवडणारच, कारण दलित पुरुष दारूडा आणि मारकुटा हे त्यांना आयतं वाचायला मिळतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, घरातली भांडणं इंग्रजीत कशाला न्यायची?

वर्गातल्या बऱ्याच मुलांनी बाकं वाजवली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग हीच मुलगी उभी राहिली, जिने पुढे माझा खर्डा मोडीत काढला. ती म्हणाली, “मला एवढंच सांग, भीती जमीनदाराची होती हे मान्य. मग भीतीपोटी दोघांना सारखाच दंड का नाही केला? शंभर-शंभर केला असता तरी जमीनदार खूश झाला असता. तिला वरचे शंभर लावले, ते कुणाच्या भीतीने?”

मला उत्तर आलं नाही. ती आणखी म्हणाली, “याच पुस्तकात लिहिलंय की सारख्याच कामाला बाईला मजुरी कमी. मजुरी कमी आणि दंड दुप्पट. जमीनदाराने लावलेला दर एक, आणि आपण लावलेला दर दुसरा.”

तास संपला. मी बाहेर येऊन दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

हा शंभर रुपयांचा हिशेब मला कुठल्याच नोट्समध्ये सापडला नाही. नोट्समध्ये ‘पितृसत्ता’ असतं, ‘जातव्यवस्था’ असतं, आणि दोन्ही शब्दांनी पान भरतं. परीक्षेत पंधरा गुणांचा प्रश्न येतो, त्याला ते पुरतं. पण जात कुठे संपते आणि घरातलं बाईपणाचं ओझं कुठे सुरू होतं, हे बामांनी आकड्यात दाखवलं आहे. माणिक्कमचे शंभर रुपये जमीनदाराच्या भीतीचे. मरियम्माच्या दोनशेतले पहिले शंभरही त्याच भीतीचे. वरचे शंभर आपले स्वतःचे. मी वर्गात जो युक्तिवाद केला तो पहिल्या शंभरांपुरता खरा होता. दुसऱ्या शंभरांना तो लागू होत नाही. पत्राच्या दुसऱ्या खर्ड्यात मी हे असंच लिहिलं, आणि मी काय बोललो होतो तेही लिहिलं. ते लिहिताना एक गोष्ट माहीत झाली होती. बामांचं आधीचं ‘करुक्कू’ हे आत्मकथन 1992 साली आलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गावातली माणसंही आधी त्यांच्यावर चिडली होती. म्हणजे माझं बोलणं त्यांना नवीन नव्हतं. एका मराठी वर्गात तीस वर्षांनी तेच बोललं गेलं, एवढंच त्यांना कळवायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमचं गाव मराठवाड्यात. कापूस वेचणीचे दिवस, माय संध्याकाळी दमून यायची. मी ओसरीवर झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बसलेलो. तिने विचारलं, “काय वाचायलास रं एवढं?” मी म्हणालो, तमिळनाडूतल्या एका बाईनं लिहिलंय. ती म्हणाली, “सांग की.” आणि मी मरियम्माची हकिकत मराठीत सांगितली. माझ्या मायला अक्षर ओळख सहीपुरती. ती मधे एकदाच बोलली, विहिरीचं आलं तेव्हा. म्हणाली, “एकटीनं जाऊ ने तिथं.” एवढंच. तिने ते ज्या पद्धतीने म्हटलं, त्यावरून मला कळलं की हे वाक्य तिला कुणीतरी शिकवलेलं आहे आणि तिने पुढे कुणाला तरी शिकवलेलं आहे. मी विचारलं नाही.

गोष्ट संपल्यावर मी तिला शहाण्यासारखं विचारलं, “तुला रोज किती मिळतो माय?” मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षांचा झालो, फी भरताना तिच्याच पैशाने भरली, पण रोज विचारला नव्हता. ती म्हणाली, खुरपणीला अडीचशे. बाबाला? साडेचारशे. “त्यो फवारतो, वझं उचलतो,” तिने लगेच कारण दिलं. मी म्हणालो, तुम्ही दोघं सोयाबीन काढता तेव्हा? तेव्हा तर काम एकच. ती हसली. म्हणाली, “तवा बी तसंच.”

समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा या देशात 1976 साली झाला. माय तेव्हा जन्माला यायची होती. मला हा कायदा माहीत होता, नेट-सेटच्या पुस्तकात एका ओळीत असतो. तो आमच्या रानात लागू होत नाही, हे मला कळायला तमिळमधून इंग्रजीत आलेलं पुस्तक लागलं. यात पुस्तकाचं कौतुक जितकं आहे तितकीच माझी लाज आहे.

सुट्टीनंतर सरांनी एक काम दिलं. त्या पुस्तकात राक्कम्मा नावाची बाई आहे. तिचा नवरा पाक्यराज तिला भर रस्त्यात मारतो, आणि ती सगळ्यांच्या देखत अशा शिव्या घालते, असं काही करते, की बघणारे शरमेने मान खाली घालतात. बाया तिलाच नावं ठेवतात. ती म्हणते, मी याला असं उघडं पाडलं नसतं तर याने माझं डोकं फोडलं असतं. सांगणारी मुलगी आधी दचकते, मग विचार करते की बाईजवळ दुसरं हत्यार तरी काय आहे. सरांनी सांगितलं, हे भांडण आपापल्या गावच्या मराठीत लिहून आणा.

बामांनी मूळ पुस्तक पुस्तकी तमिळमध्ये लिहिलेलं नाही. वस्तीतल्या बायका बोलतात त्या तमिळमध्ये लिहिलं आहे, शिव्यांसकट. इंग्रजीत ते येताना अनुवादिकेने आजीला ‘पाट्टी’च ठेवलं, नावं तशीच ठेवली, पण शिव्यांचं इंग्रजी करताना धार जातेच, त्याला इलाज नाही. आम्ही ते उलटं फिरवणार होतो, इंग्रजीतून पुन्हा वस्तीकडे.

दुसऱ्या दिवशी मुलांनी जे आणलं ते वाचवत नव्हतं. राक्कम्मा म्हणत होती, “हे नीच पुरुषा, तुझा हात झडो.” टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतली राक्कम्मा. माझीही तशीच होती. आपल्याला शिव्या येत नाहीत असं नाही. पण वर्गात मराठी लिहायची म्हणजे शाळेत छडी मारून शिकवलेली मराठी लिहायची, हे हाताला इतकं बसलं आहे की आईची भाषा कागदावर येतच नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, जी वर्षभर काही बोलली नव्हती. तिने वाचलं, “मुडद्या, तुजी तिरडी बांधली तुज्या मायनं. मार की. मार मार. अन् उद्या ज्वारी कोण काडणार, तुजा बाप?” त्यापुढचं मी इथे म्हणत नाही, समोर मोठी माणसं बसलेली आहेत. पूर्ण वर्ग गप्प. मग कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि ती स्वतःही हसली. ती म्हणाली, “मी नाय लिवलं हे. माज्या मावशीचं हाय. मावशी असंच बोलती.” सरांनी ते दोनदा वाचायला लावलं.

त्या उताऱ्याची मराठी आणि तिचं इंग्रजी, दोन्ही आम्ही पत्राला जोडलं. पत्रातला सगळ्यात चांगला कागद तोच आहे, माझा नाही.

याच सुमाराला सरांनी विचारलं, तुमच्यापैकी किती जणांनी बेबी कांबळे वाचल्या आहेत? ‘जिणं आमुचं’? अठ्ठावीसपैकी दोन हात. फलटणच्या बेबीताईंनी नवऱ्यापासून चोरून ते लिखाण केलं, वर्षानुवर्षं लपवून ठेवलं, आणि 1986 साली ते पुस्तक झालं. आपल्याच माणसांनी सुनांवर, बायकांवर काय केलं हे त्यांनीही झाकलेलं नाही. म्हणजे ‘घरातली भांडणं बाहेर कशाला’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच भाषेत बामांच्या पुस्तकाच्या आठ वर्षं आधी देऊन झालं होतं. मला ते सापडलं नाही, कारण मी इंग्रजीचा विद्यार्थी, आणि मराठीतलं दलित साहित्य म्हणजे मला पुरुषांची चार आत्मकथनं. बामांना हे लिहिताना मला जरा विचित्र वाटलं, की तुमच्या पुस्तकामुळे आम्ही आमचं पुस्तक वाचलं. पण खरं तेच होतं.

आणखी एक प्रसंग, तो पत्रात थोडक्यात आहे, पण मला इथे सांगायचाच आहे. पुस्तकातली वस्ती ख्रिश्चन आहे. धर्म बदलला, चर्चमध्येही जात सुटली नाही, आणि वर सरकारी सवलती गेल्या, ही तक्रार पुस्तकात येते. आमच्या वर्गात बौद्ध मुलं बरीच. आम्हाला ही तक्रार नीट कळेना. एक जण म्हणाला, धर्म बदलला म्हणून सवलत कशी जाईल, आपली कुठे गेली? तेव्हा जालन्याकडची एक मुलगी बोलली. तिच्या पणजोबांच्या पिढीत घर ख्रिश्चन झालं. तिने सांगितलं की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असं धरलं होतं. 1956 साली त्यात शीख आले. आपण बौद्ध 1990 साली आलो. ख्रिश्चन आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. “तुमची गेलीच होती,” ती म्हणाली, “केंद्रात तुम्हाला ती 1990 ला मिळाली. तुम्हाला आठवत नाही, कारण तेव्हा तुम्ही जन्मला नव्हतात. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.” तिचं प्रमाणपत्र इतर मागासवर्गाचं. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो आणि ती आम्हाला ‘ओपनसारखीच’ वाटायची. तिला काय काय वाटत असेल, याचा मी विचार केला नव्हता. पत्रात तिने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत. त्या तिच्या आहेत, म्हणून वाचून दाखवत नाही.

पत्र लिहायची घाई का झाली, तेही सांगतो. सर एकदा म्हणाले की अभ्यासक्रम बदलतो आहे, पुढच्या वर्षी हे पुस्तक राहील का, सांगता येत नाही. मग त्यांनी दिल्लीचं सांगितलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली विद्यापीठाने बी.ए. इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन दलित लेखिकांचं लेखन काढलं, महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथाही काढली. विद्वत परिषदेतल्या काही सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला, देशभरातून निषेध झाला. दोन दलित लेखिकांच्या जागी पंडिता रमाबाई घातल्या, अशी त्या सदस्यांची तक्रार होती. रमाबाईंशी आपलं काही भांडण नाही. ज्या बाईने स्वतः ब्राह्मणी घराचा उंबरठा ओलांडला, तिला दुसऱ्या बायांना बाहेर काढायला वापरावं, याचं तिलाच वाईट वाटलं असतं. पण मला त्या दिवशी दुसरंच सुचलं. पुस्तक काढणारी समिती म्हणते, विद्यार्थ्यांना हे झेपत नाही, भावना दुखावतात. ठेवणारे म्हणतात, साहित्य श्रेष्ठ आहे. विद्यार्थ्यांचं नेमकं काय झालं, याचा कागद दोघांकडेही नसतो. आमच्याकडे तो होता. भावना दुखावल्या होत्या, त्या माझ्या, आणि त्या दुखावल्या ते बरं झालं, असा एक कागद.

म्हणून पत्राच्या दोन प्रती केल्या. एक बामांना आणि एक विभागाच्या फायलीत, सरांच्या सहीने. उद्या कुणी विचारलं की हे पुस्तक का ठेवायचं, तर फाईल उघडावी.

लिहिताना छोट्या अडचणी पुष्कळ आल्या. मायना काय लिहायचा? मुली म्हणाल्या ‘बामाताई’. कुणी म्हणालं ‘अक्का’, तो शब्द तमिळमध्येही आहे आणि आपल्याकडेही. शेवटी ‘आदरणीय बामा मॅडम’ लिहिलं, कारण त्या स्वतः शाळेत शिकवत आलेल्या आहेत आणि आम्ही विद्यार्थी. भाषेचाही प्रश्न होता. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी केलं. इंग्रजीत पहिल्यांदा लिहिलं की पुन्हा ‘तिहेरी शोषण’ येतं, हे मला अनुभवाने कळलं होतं. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांनाही एक ओळ लिहावी असं वाटलं होतं. तेव्हा शोधल्यावर कळलं की त्या 2016 साली वारल्या. त्यांच्याविषयीची ओळ बामांच्याच पत्रात घातली. पत्ता प्रकाशकाचा घातला, ‘लेखिकेस पोचवावे’ म्हणून. स्पीड पोस्ट केलं. उत्तर यावं असं पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. देशभरातल्या वर्गांना उत्तरं देत बसल्या तर त्या लिहिणार कधी?

पत्राचा मधला एक परिच्छेद वाचतो, मग थांबतो.

“मॅडम, मरियम्माच्या तासाला मी पंचायतीच्या बाजूने बोललो. मी बोललो ते सगळंच चूक होतं असं मला आजही वाटत नाही. माझ्या वडिलांनी जमीनदारापुढे मान खाली घालताना मी पाहिलं आहे, आणि तुमच्या पुस्तकातले पंच मला त्यांच्यासारखे दिसले. म्हणून राग आला. पण त्याच वडिलांचा रोज साडेचारशे आणि आईचा अडीचशे, आणि ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच खटकत नव्हती, मलाही नाही. तुमच्या पुस्तकानंतर मी घरी हा विषय काढला. वडील आधी गप्प राहिले, मग म्हणाले, दर मालक ठरवतो. ते खरं आहे. मग मी विचारलं, दोघांचे पैसे घरात येतात, ते कुणाच्या हातात राहतात? ते मालक ठरवत नाही. यावर ते उठून बाहेर गेले. भांडण झालं नाही, पण विषय संपलाही नाही.”

हे लिहून झाल्यावर मी मायला फोन केला. म्हटलं, त्या बाईला पत्र लिहितोय, तुला काही सांगायचं आहे का? ती म्हणाली, मी काय सांगणार. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “व्हय रं, त्या पोरीनं दोनशे कुठून आणले? तवा बाईचा रोज किती आसंल? माज्या लग्नाच्या टायमाला वीस रुपये व्हता. वीसनं धरलं तर धा दिवसाचं खुरपन. धा दिवस रोज त्याच रानात जाऊन, त्याच मालकाकडून पैसे घेऊन तिनं दंड भरला का काय? इचार त्या बाईला.”

पत्राच्या शेवटी मी तो प्रश्न मायच्या नावाने जसाच्या तसा लिहिला आहे, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत.